एक टन केळी, अठराशे लिटर पाणी: वेफर्स कारखान्याच्या अहवालातलं पर्यावरणाचं प्रकरण

प्रश्न: भाऊ, यावल तालुक्यात आमच्याच वावरात रोज एक टन कच्च्या केळीचे वेफर्स करायचा छोटा कारखाना टाकतोय. बँकेने प्रकल्प अहवाल परत पाठवला. ‘पर्यावरण व कचरा व्यवस्थापन’ या प्रकरणात मी अर्ध्या पानात लिहिलं होतं, की प्रदूषण होत नाही, सांडपाण्याला शोषखड्डा, सालीचं खत करू. सोललेली केळी मिठाच्या पाण्यात ठेवून मग काप करून तळायची, असा विचार आहे. इंधन ब्रिकेट. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागतेच का, आणि या प्रकरणात नेमकं काय लिहायचं?

उत्तर:

संमती लागेल असंच धरून चाला. तुमच्याकडे सांडपाणीही आहे आणि भट्टीचा धूरही, म्हणून १९७४ चा जल कायदा आणि १९८१ चा वायू कायदा दोन्ही लागू होतात. अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ऑनलाइन करायचा. उद्योगांची लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा अशी वर्गवारी असते आणि पांढऱ्या गटाला फक्त कळवावं लागतं. ही यादी २०१६ नंतर बदललेली आहे, त्यामुळे कुणाच्या जुन्या अहवालातून गट उचलू नका. जळगावच्या उपप्रादेशिक कार्यालयात जा, चालू यादीतली तुमची ओळ शोधा, आणि त्या ओळीचं नाव जसंच्या तसं अहवालात लिहा. पायाचं काम सुरू करण्याआधी कन्सेंट टू एस्टॅब्लिश आणि पहिला घाणा तळण्याआधी कन्सेंट टू ऑपरेट, हा क्रम आहे. शुल्क जमीन, इमारत आणि यंत्रांच्या एकूण गुंतवणुकीवर ठरतं. सीएच्या दाखल्यातला आकडा आणि अहवालाच्या खर्चाच्या पानावरचा आकडा वेगळे निघाले तर अर्ज तिथेच अडकतो.

पण बँकेने अहवाल परत पाठवला तो संमतीसाठी नसावा. ‘प्रदूषण होत नाही’ या वाक्यात किती केळी, किती पाणी, किती साल यातला एकही आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणजे त्याचा खर्चही धरलेला नाही. उद्या त्या खर्चासाठी कारखाना बंद पडला तर हप्ता कुठून येणार, ही बँकेची काळजी आहे, आणि ती खरी आहे.

आधी शोषखड्ड्याबद्दल बोलतो, कारण त्यात मी एका कारखान्याचं नुकसान जवळून पाहिलं आहे. आपल्याच पट्ट्यातला वेफर्सचा कारखाना होता, तुमच्यापेक्षा थोडा मोठा. अहवाल दुसऱ्या कुणी केला होता, मला नंतर बोलावलं. काळ्या मातीत दहा फुटांचा खड्डा खणून, विटांचे तुकडे भरून सगळं पाणी त्यात सोडलं होतं. तीन आठवड्यांत खड्डा तुडुंब भरला. स्टार्चचा साका आणि तेलाचा थर मातीच्या भेगांवर बसला, की पाणी जिरणं थांबतं. मग त्यांनी रात्री पाणी नाल्यात सोडायला सुरुवात केली. मे महिन्यात त्या नाल्याला आंबलेल्या ताकासारखा वास सुटला, ग्रामपंचायतीत तक्रार गेली, मंडळाचे लोक नमुने घेऊन गेले आणि ऐन हंगामात काम थांबलं. मालक माणूस प्रामाणिक होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, की ही माती पाणी पीत नाही.

तुमच्या तालुक्यात तर दोन टोकं आहेत. तापीकडच्या गावांत खोल काळी चिकण माती आहे, तिथे वर सांगितलं तसं होतं. सातपुड्याच्या पायथ्याला उलट वाळू आणि गोट्यांचा थर आहे. तिथे शोषखड्डा झकास चालतो असं वाटतं, पण ते पाणी न गाळता थेट भूजलात उतरतं, आणि त्याच भूजलावर खालच्या गावांच्या विहिरी आणि केळीच्या बागा आहेत. म्हणजे एकीकडे खड्डा भरतो आणि दुसरीकडे विहीर बिघडते. तुमचं वावर यातलं कुठलं हे स्वतः तपासा. हातभर खोल छोटा खड्डा करा, आदल्या दिवशी पाणी भरून तो भिजवून घ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं पाणी भरून पातळी अडीच सेंटिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. अर्ध्या तासाहून जास्त लागला तर शोषखड्डा विसरा. पाच मिनिटांत उतरलं तरी कारखान्याच्या पाण्यासाठी तो विसराच. ही चाचणी तारखेसह अहवालात लिहा.

आता मुख्य काम, म्हणजे एक टन केळीचा हिशोब. हा हिशोब एकदा बसला की प्रकरणाचं बाकीचं लिखाण त्यातूनच येतं.

हजार किलो फण्या आत आल्या. कच्च्या केळीत साल वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे ४०० किलो साल आणि ६०० किलो गर. घडच विकत घेणार असाल तर दांडा वेगळा मोजा. गरात तीस टक्के घन पदार्थ धरले तर १८० किलो. तयार वेफर्समध्ये साधारण तीस टक्के तेल आणि दोन-तीन टक्के ओलावा असतो, त्यामुळे तुकडे आणि गळती वजा जाता हातात २४० ते २५० किलो माल येईल. त्यात ७५ किलोच्या आसपास तेल आहे. उरलेलं चारशे किलो पाणी कढईतून वाफ होऊन जातं. हे आकडे तुमच्या विक्रीच्या पानावरच्या उत्पादनाशी जुळतात का, ते आजच बघा. टनाला ४०० किलो वेफर्स दाखवले असतील तर बँकेचा अधिकारी तिथेच पेन खाली ठेवेल.

पाण्याचं असं धरू. आल्याआल्या फण्यांवरची माती धुवायला ७०० लिटर. सोललेली केळी बुडवून ठेवायचं पाणी एका वेळी ५०० लिटर, दिवसातून दोनदा बदललं तर १,००० लिटर. भांडी, काप करायचं यंत्र आणि फरशी मिळून ८०० लिटर. बारा माणसांचं पिणं, हातपाय आणि शौचालय माणशी ४५ लिटरने ५४० लिटर. एकूण सुमारे तीन हजार लिटर, म्हणजे रोज तीन घनमीटर. बोअरचं पाणी वापरणार असाल तर केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाने रोज दहा घनमीटरपेक्षा कमी पाणी उपसलं तर त्यांचा ना-हरकत दाखला लागत नाही. तरी बोअरवर मीटर बसवा आणि तसं अहवालात लिहा. मीटरची वही नसेल तर ‘तीन घनमीटर’ हे उद्या सिद्ध करता येणार नाही.

आता बहुतेक अहवाल काय करतात? हे सगळं पाणी एका पाइपात आणतात आणि पाइपाच्या टोकाला ‘शुद्धीकरण प्रकल्प’ असा चौकोन काढतात. तसं करू नका. या चार पाण्यांचे स्वभाव वेगळे आहेत, आणि एकदा मिसळली की कुठलीच टाकी ती वेगळी करून देत नाही.

फण्या धुतलेल्या पाण्यात फक्त माती आहे. साध्या टाकीत दोन-तीन तास निवळू दिलं की तेच पाणी पुन्हा पहिल्या धुण्याला चालतं, आणि खराब झालं की झाडांना जातं. ते शुद्धीकरणात नेऊन टाकीचा आकार वाढवण्यात अर्थ नाही. शौचालयाचं पाणी स्वतंत्र सेप्टिक टाकीत न्या. ते कारखान्याच्या पाण्यात कधीच नको, कारण शुद्ध केलेलं पाणी तुम्ही शेतात वापरणार आहात.

आणि मीठ. सोललेलं केळ काळं पडू नये म्हणून तुम्ही मिठाच्या पाण्यात ठेवणार आहात. दोन टक्के मीठ म्हणजे ५०० लिटरला १० किलो. दिवसातून एकदाच मीठ घातलं असं धरलं तरी तीनशे दिवसांत तीन टन मीठ होतं. केळीला चिकटतं ते मीठ थोडंच, बाकीचं पाण्याबरोबर बाहेर जातं. कुठलीही जीवाणूंची टाकी, कुठलीही वाळूची गाळणी मीठ काढत नाही. ते जसंच्या तसं तुमच्या शेतात पोहोचतं. पुढे मी दाखवतो तसं चार गुंठ्यांवर हे पाणी दिलं, तर वर्षाला दर चौरस मीटरवर सात किलोहून जास्त मीठ पडेल. काळ्या मातीत सोडियम साचला की ती ओली असताना लोण्यासारखी आणि वाळली की विटेसारखी होते, पाणी आत जात नाही, आणि केळी तर मिठाला फार हळवी. पानांच्या कडा करपायला लागल्या की ओळखा, पण तोवर जमीन गेलेली असते.

म्हणून प्रक्रियाच बदला. केळी साध्या पाण्यात ठेवा, सोलणं आणि काप यांमध्ये कमी वेळ जाईल अशी माणसांची मांडणी करा, काळेपणा थांबत नसेल तर पाण्यात थोडं सायट्रिक आम्ल घाला. मीठ तळून झाल्यावर मसाला लावायच्या ड्रममध्ये कोरडं द्या. चव तीच राहते, मीठ मालाबरोबर बाहेर जातं आणि वावर वाचतं. पूर्ण प्रकरणात मला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच वाटतो, आणि त्याला यंत्र लागत नाही. प्रक्रियेच्या आकृतीतही तो दाखवा, नाहीतर पर्यावरणाच्या पानावर एक पद्धत आणि उत्पादनाच्या पानावर दुसरी, असं होईल.

आता शुद्धीकरणाला उरलं १,००० अधिक ८००, म्हणजे रोज अठराशे लिटर. त्यात घाण किती? गरातल्या १८० किलो घन पदार्थांपैकी दोन टक्के पाण्यात गेले असं धरू, म्हणजे साडेतीन किलोच्या वर. त्यातून अडीच किलोच्या आसपास बीओडी येते. बीओडी म्हणजे ती घाण कुजवताना जीवाणू पाण्यातला किती प्राणवायू खातील, त्याचं माप. एका माणसाच्या रोजच्या घरगुती सांडपाण्यात साधारण ५० ग्रॅम बीओडी असते, म्हणजे तुमच्या छोट्या कारखान्याचं पाणी पन्नास माणसांच्या वस्तीइतकं जड आहे. अठराशे लिटरमध्ये भागलं तर लिटरला सुमारे १,४०० मिलिग्रॅम. जमिनीवर सिंचनाला सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे, तेल-ग्रीस १० मिलिग्रॅम, आणि सामू ५.५ ते ९. नदी-नाल्यात सोडायचं तर बीओडी ३० च्या आत लागते. तुम्हाला नेमकी कोणती मर्यादा पाळायची ते संमतीपत्रात लिहून येतं, आणि ते सर्वसाधारण मर्यादेपेक्षा कडक असू शकतं. माझे वरचे आकडे अंदाजाचे आहेत हे अहवालात स्पष्ट लिहा आणि पुढे एक वाक्य जोडा, की चाचणी उत्पादनाच्या काळात मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून पाणी तपासून ते दुरुस्त केले जातील. अशा वाक्याने अहवाल कमजोर होत नाही.

टाक्यांची रचना अशी करा. सुरुवातीला बारीक जाळी, म्हणजे केळीचे तुकडे पाण्यात कुजण्याआधी हाताने उचलले जातात. जाळीवरचा एक किलो गर रोज उचलला तर पुढच्या टाकीवरचं ओझं ठळक कमी होतं. भांडी-फरशीच्या पाण्याला त्याआधी तेलाचा सापळा हवा. इथे चूक अशी होते, की सापळा दिवसाच्या सरासरीवर काढतात. प्रत्यक्षात फरशी संध्याकाळी अर्ध्या तासात धुतली जाते आणि ८०० लिटर एकदम येतं. तेल वर तरंगायला अर्धा तास द्यायचा तर सापळा ८०० लिटरचाच हवा. आणि भांडी गरम पाणी-साबणाने धुण्याआधी खरवडून कागदाने पुसून घ्या. साबणाने फुटलेलं तेल दुधासारखं होतं, ते सापळ्यात तरंगत नाही, सरळ पुढे जातं. सापळ्याच्या बाहेर पडणारं पाणी पांढुरकं दिसलं की समजा, धुण्याची पद्धत बिघडली आहे.

त्यानंतर दिवसभराचं पाणी सारखं करायला दोन हजार लिटरची टाकी, मग तीन दिवसांचं पाणी मावेल अशी सहा हजार लिटरची बंद, आडव्या भिंती घातलेली टाकी. यात हवेशिवाय कुजवणं चालतं. आपल्या खान्देशातली उष्णता इथे कामी येते, मार्च ते जून ही टाकी फार चांगली चालते. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत ती मंदावते, म्हणून दोन नाही, तीन दिवस. सुरू करताना गोबरगॅसची रबडी घालून महिना-दीड महिना हळूहळू पाणी वाढवत न्या. पहिल्याच दिवशी पूर्ण भार दिला तर टाकी आंबते. स्टार्च कुजताना आधी आम्ल तयार होतं आणि त्याचा वायू करणारे जीवाणू संथ असतात. सामू ६.५ च्या खाली घसरायला लागला आणि आंबट वास आला, की पाणी देणं थांबवा आणि चुन्याचं पाणी थोडं थोडं द्या. सामू मोजायच्या पट्ट्यांचं डबडं तिथेच ठेवा. ही टाकी जमली तर बीओडी साधारण पाचशेच्या आसपास येते. पुढे दोन हजार लिटरची हवा सोडायची टाकी, एक निवळ टाकी आणि वाळूची गाळणी. अर्ध्या अश्वशक्तीचा ब्लोअर सोळा तास चालला तर रोज सहा युनिट, वर्षाला अठराशे. तुमच्या बिलातला दर लावून हा आकडा खर्चाच्या पानावर घाला. काळ्या मातीत टाक्या बांधताना खाली मुरमाची भर द्या आणि आरसीसीच करा. उन्हाळ्यात माती आकसते, पावसाळ्यात फुगते आणि विटांच्या टाकीला दुसऱ्याच वर्षी तडा जातो.

हे पाणी जाणार कुठे? तुमच्याच केळीला. हिवाळ्यात झाडाला रोज दहा लिटर धरलं, तर अठराशे लिटरला १८० झाडं, म्हणजे चार गुंठे. उन्हाळ्यात झाड याच्या दुप्पट पिईल, पण जमीन नेहमी कमी गरजेच्या दिवसांवर मोजायची. मी अहवालात अर्धा एकर दाखवायला सांगेन, म्हणजे पाणी आलटून-पालटून फिरवता येतं. सातबारा जोडा, आणि वावर भावाच्या नावावर असेल तर त्याचं संमतीपत्रही. पाणी ठिबकमधून देणार असाल तर नळ्यांआधी चकतीची गाळणी लागेल, नाहीतर तोट्या महिन्यात चोंदतील.

पावसाळ्याचा विचार बहुतेकजण करत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये काळ्या रानात चिखल असताना आणखी पाणी घालता येत नाही, आणि तेव्हाच पाणी नाल्यात सोडायचा मोह होतो. पंधरा दिवसांचं पाणी साठवायला २७ घनमीटर लागतात, म्हणजे चार बाय साडेतीन मीटर आणि दोन मीटर खोल अशी अस्तर घातलेली टाकी. पावसाचं छपरावरचं पाणी तिच्यात येणार नाही अशी पन्हळ वेगळी काढा. झड पंधरा दिवसांहून लांबली तर उत्पादन अर्ध्यावर आणू, असं लिहायला लाजू नका. संमतीच्या अर्जात मला तरी हे वाक्य वाचून विश्वास वाटतो.

आता साल. रोज ४०० किलो, दहा दिवसांत चार टन. ‘सालीचं खत करू’ म्हणताना एक गोष्ट राहते. सालीत ८५ ते ९० टक्के पाणी असतं. ८७ धरू. नुसत्या सालीचा ढीग केला तर तो खत होत नाही, सडतो. काळा रस गळतो, चिलटं आणि माश्या येतात. ढिगातला ओलावा ६५ टक्क्यांवर आणायला रोज १६० किलो कोरडा माल मिसळावा लागतो, पऱ्हाट्यांचा भुगा, गव्हाचं काड, भुईमुगाची टरफलं, जे स्वस्त मिळेल ते. वर्षाला जवळपास ४८ टन. तो कुठून येणार, कुठे साठवणार आणि त्याचा खर्च किती, हे लिहिल्याशिवाय खताची योजना पूर्ण होत नाही.

म्हणून मी साल दोन वाटांनी लावीन. ताजी साल त्याच दिवशी जनावरांना चालते, जनावरामागे रोज दहा किलोपेक्षा जास्त नको, कारण कच्च्या सालीत तुरटपणा फार. गावात वीस जनावरांचा गोठा असलेल्या दोन शेतकऱ्यांशी लेखी ठरवलं तर चारशे किलो उचलले जातील. पण लग्नसराई, सुगी, पाऊस या दिवसांत कुणी येत नाही. त्यासाठी निम्म्या सालीचं खत करायची तयारी कायम ठेवा, म्हणजे २०० किलो साल आणि ८० किलो कोरडा माल. खाली सिमेंटचा ओटा, रस जमा करायची नाली, वर छप्पर. नालीतला रस ढिगावरच परत शिंपडायचा. मूठभर ढीग दाबून पाहा: पाणी ठिबकलं तर ओला, हात नुसता ओलसर झाला तर बरोबर. चौथ्या दिवशी आत हात घातल्यावर गरम लागला पाहिजे. गार आणि वासट असेल तर कोरडा माल कमी पडला आहे.

कढईतल्या चारशे किलो पाण्याची वाफ करायला लागणाऱ्या उष्णतेच्या हिशोबाने ब्रिकेट रोज सव्वादोनशे किलोच्या आसपास लागतील, आणि राख बारा-पंधरा किलो. शेतमालाच्या ब्रिकेटची राख खतात घालता येते, सालीचा आंबटपणाही कमी होतो. पण एकदा का भट्टीत फाटके पाऊच, पोती किंवा तेलाचा गाळ जाळला, की ती राख शेतात घालण्यासारखी राहत नाही. भट्टीजवळ तशी पाटी लावा आणि पाऊचच्या कटणीला वेगळं पोतं ठेवा, भंगारवाल्याच्या पावतीसह.

तळणाच्या तेलात तुमची स्थिती बरी आहे. कढईत दीडशे लिटर तेल असेल आणि रोज ऐंशी लिटरच्या आसपास माल पिऊन बाहेर नेत असेल, तर दोन दिवसांत तेल जवळजवळ नवं होतं. खराब होतं ते तळाच्या चुऱ्यामुळे. तो रोज गाळून काढा. एकूण ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्याला त्याची नोंदवही ठेवावी लागते, आणि तुम्ही त्यात बसता. मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते यंत्रांच्या यादीत घाला. काढलेलं तेल बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेलाच द्यायचं. रस्त्यावरच्या भजीवाल्याला ते कितीही भावाने विकू नका, ते माणसांच्या पोटात जातं.

जनरेटर ठेवणार असाल तर त्याचं वापरलेलं वंगण तेल धोकादायक कचऱ्यात मोडतं. वर्षाला काही लिटरच असेल, पण वेगळा झाकणबंद डबा, त्यावर लेबल, ९० दिवसांच्या आत अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे रवानगी, आणि दरवर्षी ३० जूनपर्यंत विवरणपत्र. खाण्याच्या खराब तेलाच्या पिंपात ते चुकूनही ओतायचं नाही, एका लिटरने पूर्ण पिंप वाया जातं. जनरेटरच्या धुराड्याची उंची इमारतीच्या वर किती ते केव्हीएच्या वर्गमुळाला ०.२ ने गुणून काढतात. २५ केव्हीएला छपराच्या वर एक मीटर.

लिहिताना भाषा अशी ठेवा: “प्रतिदिन १,००० किलो केळीसाठी ३.०४ घनमीटर पाणी लागेल. त्यापैकी १.८ घनमीटर सांडपाणी तेलसापळा, हवाविरहित टाकी, वायुवीजन आणि गाळणीतून शुद्ध करून गट क्रमांक अमुक मधील २० गुंठे केळीस दिले जाईल. पावसाळ्यासाठी २७ घनमीटर साठवण आहे. सोललेली केळी भिजवण्यासाठी मीठ वापरले जाणार नाही.” यातला प्रत्येक आकडा अहवालात दुसरीकडे कुठेतरी पैशाच्या रूपात दिसला पाहिजे: टाक्या इमारतीच्या खर्चात, ब्लोअर आणि तेलमापक यंत्रांत, कोरडा माल कच्च्या मालात, प्रयोगशाळेची तपासणी आणि संमतीचं शुल्क चालू खर्चात. आणि एका माणसाचं नाव लिहा, जो रोज सकाळी जाळी साफ करेल, सामू बघेल आणि वही भरेल. अर्ध्या दिवसाची मजुरी त्याच्या नावावर धरा. दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला जे पर्यावरण विवरण द्यायचं, ते याच वहीतून भरलं जातं.

अहवाल पुन्हा देण्याआधी ती पाणी जिरायची चाचणी मात्र करूनच घ्या, आणि बोअर कारखान्याच्या वरच्या बाजूला आहे की उताराला, ते सोबत कळवा. उताराला असेल तर खताच्या ओट्याची जागा बदलावी लागेल.